पहिल्या पडद्यावर निसटलेली भाषा

हातात धरून खेळायचा गेम कन्सोल पहिल्यांदा सुरू केला की तो सर्वांत आधी एकच प्रश्न विचारतो: तुमची भाषा कोणती? पडद्यावर भाषांची यादी येते, त्यातल्या एका ओळीवर आधीच खूण असते आणि ए बटण दाबले की तीच ओळ पक्की होते. नवा खेळ हातात पडलेल्या मुलाला ही यादी वाचायची नसते, त्याला पुढे जायचे असते. तो ए दाबतो, पुन्हा ए दाबतो, पाच-सहा पडदे झरझर उलटतात आणि मग लक्षात येते की आता सगळा कन्सोल जपानीत, नाहीतर कोरियनमध्ये बोलतो आहे. भाषेचा प्रश्न पुन्हा विचारला जात नाही. बंद करून सुरू केला तरी नाही, बॅटरी पूर्ण उतरू दिली तरी नाही, मेमरी कार्ड काढून ठेवले तरीही नाही. निवडलेली भाषा कन्सोलच्या आतल्या कायमस्वरूपी साठवणीत लिहिलेली असते आणि पहिल्या जुळणीचे काम संपले आहे, अशी नोंदही तिथेच असते. वीज गेली म्हणून ती पुसली जात नाही.

भारतात हा प्रसंग वारंवार येतो, त्यालाही कारण आहे. निन्टेन्डो कंपनी आपले कन्सोल भारतात अधिकृतपणे विकत नाही. त्यामुळे आपल्याकडचे बहुतेक स्विच हे दुबई, सिंगापूर, अमेरिका किंवा जपानहून आलेले असतात, कधी आयात करणाऱ्या दुकानदारामार्फत, कधी नातेवाइकांच्या बॅगेतून. जपानमध्ये वापरलेले पण उत्तम स्थितीतले कन्सोल स्वस्तात मिळतात, म्हणून तिथे नोकरीला असलेली मंडळी सुट्टीवर येताना हमखास घेऊन येतात. असा कन्सोल विकण्यापूर्वी दुकानदार तो आतून पूर्ण पुसून घेतो, आणि म्हणून वापरलेल्या यंत्रावरही तो पहिला भाषेचा पडदा पुन्हा उगवतो.

ठाण्यातल्या एका घरातले उदाहरण घेऊ, कारण त्यात या प्रकरणाच्या जवळजवळ सगळ्या गाठी आहेत. मामा ओसाकात नोकरी करतो. दिवाळीला त्याने भाच्यासाठी वापरलेला स्विच लाइट पाठवला. हे स्विचचे लहान भावंड २०१९च्या सप्टेंबरमध्ये बाजारात आले. त्याचा पडदा साडेपाच इंचांचा, बटणे अंगालाच जोडलेली, आणि ते टीव्हीला जोडता येत नाही, फक्त हातातच खेळायचे. भाच्याने खोके उघडले, चार्जिंगला लावले आणि ए दाबत सुटला. नाव टाकायची वेळ आली तेव्हा समोर जपानी कळफलक होता. त्याने दिसतील ती दोन अक्षरे टाकून तेही पार केले. सोबत आलेले गेम कार्ड घातले, गेम सुरू झाला, दोन दिवस खेळलाही, कारण गाड्यांच्या शर्यतीत वाचायचे फारसे काही नसते. तिसऱ्या दिवशी गोष्ट असलेला गेम लावला आणि अडला. आईने बटणे दाबून पाहिली. शेजारच्या दादाने सुचवले, “फॅक्टरी रीसेट मार, परत पहिल्यापासून विचारेल.” तेवढ्यात मामाला फोन लागला, हे फार बरे झाले.

शेजारच्या दादाचा सल्ला मोबाइलच्या सवयीतून आला होता आणि तो तांत्रिकदृष्ट्या खोटा नव्हता. कन्सोल पूर्ण पुसला तर भाषेचा पडदा खरोखरच परत येतो. पण त्यासोबत काय जाते ते समजून घ्यायला हवे. स्विचवर गेममधली प्रगती, ज्याला मुले ‘सेव्ह’ म्हणतात, ती गेम कार्डावर साठत नाही आणि बाहेरून घातलेल्या मायक्रोएसडी कार्डावरही साठत नाही. ती फक्त कन्सोलच्या आतल्या साठवणीत असते. पूर्ण पुसणे म्हणजे सगळ्या वापरकर्त्यांची खाती, सगळे सेव्ह आणि आत उतरवलेले गेम एकदम जाणे. सेव्हची प्रत इंटरनेटवर ठेवण्याची सोय आहे, पण तिच्यासाठी निन्टेन्डोची सशुल्क ऑनलाइन वर्गणी भरलेली असावी लागते आणि काही गेमना ती सोय लागूही होत नाही. खोके उघडून पाचच मिनिटे झाली असतील तर पुसण्याने काही बिघडत नाही, कारण पुसण्यासारखे आत काही नसते. दोन दिवस खेळून झाल्यावर मात्र भाषा बदलण्यासाठी पुसणे हे अगदीच अनावश्यक नुकसान आहे. भाषेची निवड पहिल्या पडद्यावर निसटली तरी ती सेटिंग्जमध्ये कायम उपलब्ध असते. अडचण फक्त एवढीच की सेटिंग्जही परक्या लिपीत असतात.

मामाने फोनवर पहिली गोष्ट विचारली ती ही: “गेम चालू आहे का? असेल तर आधी गेममध्ये सेव्ह कर, मग बाहेर ये.” ही सूचना सहज राहून जाते. स्विचवर भाषा बदलली की कन्सोल स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होतो. मागे अर्धवट थांबवलेला गेम तेव्हा बंद पडतो आणि शेवटच्या सेव्हनंतर जे काही मिळवले असेल ते जाते. म्हणून आधी सेव्ह, मग होम बटण. होम बटण म्हणजे उजव्या बाजूला खाली, घराचे चित्र असलेले छोटे गोल बटण.

होम पडद्यावर मधोमध गेमच्या मोठ्या चौकोनी चित्रांची रांग असते आणि तिच्या खाली लहान गोल चिन्हांची दुसरी रांग. मामाने भाच्याला वाचायला काहीच सांगितले नाही. “खालच्या रांगेत जा. अगदी उजवीकडे बंद करायचं चिन्ह आहे, त्याच्या आधीचं दातेरी चाक. त्याच्यावर ये आणि ए दाब.” दातेरी चाक कोणत्याही भाषेत दातेरी चाकच राहते. त्याच्याखाली जपानीत 設定 असे उमटते, म्हणजे सेत्तेई, म्हणजे सेटिंग्ज. पण ते वाचता आले नाही तरी अडत नाही. स्विच लाइटचा पडदा स्पर्शाने चालतो, त्यामुळे चिन्हावर बोट ठेवले तरी काम होते.

पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बहुतेक वेळा गोलात A आणि B ही रोमन अक्षरे दिसतात. सगळे जपानी असले तरी ही अक्षरे बदलत नाहीत, कारण ती कन्सोलवरच्या बटणांची नावे आहेत. A म्हणजे पक्के करणे किंवा आत जाणे, B म्हणजे मागे फिरणे. स्विचवर ए उजवीकडे आणि बी खाली असते. ज्याच्या हाताला दुसऱ्या कंपनीच्या कन्सोलची सवय आहे त्याचा अंगठा इथे चुकतो, कारण त्या सवयीत पक्के करायचे बटण खाली असते. सोनीच्या जुन्या पीएसपीमध्ये तर याहून विचित्र प्रकार होता. जपानसाठी बनवलेल्या पीएसपीवर गोल बटण पक्के करायचे आणि फुलीचे बटण मागे फिरायचे, भारतात आणि युरोपात विकलेल्यावर नेमके उलटे. भाषा इंग्रजी केली तरी जपानी पीएसपीची बटणे आपली अदलाबदल सोडत नसत. जुना पीएसपी हातात आला आणि प्रत्येक निवड मागेच फिरू लागली, तर बटण बिघडले असे समजू नये, ते यंत्र जपानी असण्याची शक्यता मोठी.

पुन्हा ठाण्यात येऊ. सेटिंग्ज उघडली की पडद्याचे दोन भाग दिसतात. डावीकडे उभी, लांब यादी असते आणि उजवीकडे डाव्या यादीतल्या निवडलेल्या ओळीचा तपशील. डावी यादी एका पडद्यात मावत नाही. मामा म्हणाला, “खाली, खाली, अगदी शेवटपर्यंत जा. यादी संपेल तिथली ओळ.” ती शेवटची ओळ 本体, उच्चार होन्ताई, म्हणजे खुद्द यंत्र. इंग्रजी कन्सोलवर तिथेच System असते. ए दाबून किंवा उजवीकडे सरकून आत गेले की वरून पहिली ओळ यंत्राच्या अद्ययावतीकरणाची, त्यानंतर यंत्राच्या नावाची, आणि त्यानंतर आपल्याला हवी ती भाषेची.

इथे जरा थांबावे, कारण चुकायची जागा हीच आहे. भाषेच्या ओळीवर जपानीत 言語 असे लिहिलेले असते. या जोडीची एक खूण डोळ्यांना सहज पटते: डावीकडचे अक्षर जसेच्या तसे, जरा अरुंद होऊन, उजवीकडच्या अक्षराच्या डाव्या अंगात पुन्हा येते. वर आडव्या रेघा आणि खाली छोटा चौकोन, असे ते रूप. एकदा पाहिले की दुसऱ्या कुठल्याही ओळीशी त्याची गल्लत होत नाही. शिवाय त्याच ओळीच्या उजव्या टोकाला सध्याची भाषा लिहिलेली असते, जपानी कन्सोलवर 日本語. यातले शेवटचे अक्षर म्हणजे आत्ताच पाहिलेल्या जोडीतले उजवे अक्षर. दोन्ही खुणा जुळल्या की ओळ बरोबर.

कन्सोल चिनी भाषेत अडकला असेल तर हीच दोन अक्षरे उलट्या क्रमाने दिसतात, 語言, आणि सोप्या केलेल्या चिनी लिपीत 语言. अख्खा पडदा जपानी आहे की चिनी हे ओळखायचे असेल तर गोलसर वळणांची, कमी रेघांची सोपी अक्षरे मध्येमध्ये दिसतात का ते पाहावे. が, の, る यांसारखी अक्षरे फक्त जपानीत असतात. कोरियन लिपीत छोटे गोल आणि सरळ रेघा चौकटीत बसवलेल्या दिसतात, तिथे भाषेची ओळ 언어 अशी असते. पण लिपी कोणतीही असो, वाट तीच: दातेरी चाक, डाव्या यादीची शेवटची ओळ, उजवीकडे वरच्या काही ओळींतली भाषेची ओळ. पुढेमागे अद्ययावतीकरणात एखादी ओळ वरखाली झाली, तरी उजव्या टोकाला भाषेचे नाव असलेली ओळ शोधली की पुरते.

आणि एक ओळ टाळायची. याच उजव्या यादीत तळाशी 初期化 असते, उच्चार शोकिका. पूर्ण पुसण्याचे पर्याय तिच्या आत आहेत. शेजारच्या दादाचा रस्ता तिथे जातो. भाषा शोधताना यादीच्या तळापर्यंत जाण्याची गरजच पडत नाही. डावीकडे तळाला जायचे आणि उजवीकडे वरच्या भागात राहायचे, एवढे मुलांना सांगून ठेवावे.

भाषेच्या ओळीवर ए दाबले की यादी उघडते, आणि इथे कोडे आपोआप सुटते, कारण प्रत्येक भाषेचे नाव तिच्या स्वतःच्या लिपीत लिहिलेले असते. English हे रोमन अक्षरांतच दिसते, Français आणि Deutsch ही त्यांच्या जवळपास असतात. इंग्रजीच्या अमेरिकी आणि ब्रिटिश अशा दोन ओळी दिसतील. त्यांत फरक स्पेलिंगचा आणि काही शब्दांचा, त्यामुळे कोणतीही घेतली तरी चालते. मराठी किंवा हिंदी या यादीत नाही, दुसरी कोणतीही भारतीय भाषाही नाही. निवड केल्यावर कन्सोल पुन्हा सुरू होणार असल्याची सूचना येते आणि दोन पर्याय दिसतात. एक मागे फिरण्याचा असतो, दुसरा पुढे जाण्याचा. चुकून मागचा दाबला गेला तर काहीच बदलत नाही, पुन्हा तीच ओळ निवडून दुसरा पर्याय घ्यावा. पडदा काळा होतो, बोधचिन्ह येते आणि होम पडदा इंग्रजीत उभा राहतो. ठाण्याच्या घरात हे सगळे एका फोनवर उरकले, आणि मामाने त्यात एकही जपानी शब्द शिकवला नाही.

तरीही भाच्याने तक्रार केलीच: “मामा, घड्याळ चुकतंय.” बरोबर होते ते. पहिल्या पडद्यांवर भाषेबरोबर आणखी दोन गोष्टी ए दाबून मंजूर झालेल्या असतात, प्रदेश आणि कालविभाग. भाषा बदलल्याने त्या बदलत नाहीत. जपानची वेळ भारताच्या साडेतीन तास पुढे आहे, म्हणून संध्याकाळी सहाला कन्सोल साडेनऊ दाखवतो. काही गेममध्ये दिवस-रात्र खऱ्या घड्याळावर चालतात. ॲनिमल क्रॉसिंगसारख्या गेममध्ये दुकान संध्याकाळीच बंद झालेले दिसते, ते याच कारणाने. भाषेच्या जवळच तारीख-वेळेची ओळ आहे, आता ती इंग्रजीत वाचता येते, तिथे भारताचा कालविभाग लावावा. प्रदेशाच्या ओळीत मोठ्या भूभागांची नावे आहेत, भारताचे स्वतंत्र नाव नाही. ती ओळ आहे तशी राहू दिली तरी खेळायला काही अडत नाही, कारण स्विचचे गेम कार्ड साधारणपणे प्रदेशाच्या कुंपणात बांधलेले नसते. निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानात कोणत्या देशाचा माल आणि कोणते चलन दिसणार हे यंत्राच्या प्रदेशावरून नव्हे, तर वापरकर्त्याच्या खात्यात लिहिलेल्या देशावरून ठरते.

आता गेमची भाषा. होम पडदा इंग्रजी झाला म्हणून आतला प्रत्येक गेम इंग्रजी होईलच असे नाही. बरेचसे गेम कन्सोलची भाषा विचारून तीच लावतात, म्हणून भाषा बदलताच तेही बदललेले दिसतात. काही गेम आपली स्वतःची निवड आतल्या पर्यायांत ठेवतात, तिथे जाऊन वेगळी बदलावी लागते. काही जपानी गेम कार्डांत इंग्रजी मजकूर मुळातच भरलेला नसतो, त्यांना कन्सोल काय करणार? कार्ड विकत घेण्याआधी खोक्याच्या मागच्या बाजूला किंवा ऑनलाइन दुकानात त्या गेमच्या पानावर कोणत्या भाषा आहेत ते दिलेले असते. जपानहून खेळ मागवताना हे पाहणे अगदी आवश्यक आहे.

सर्वांत कठीण गाठ पोकेमॉनची. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये आलेले पोकेमॉन सोर्ड आणि शील्ड घ्या. नवा खेळ सुरू करताना तो स्वतःच भाषा विचारतो, आणि ती निवड त्या सेव्हपुरती कायमची असते. कन्सोलची भाषा बदलून उपयोग नाही, गेमच्या आतही ती बदलायला जागा नाही. ए दाबत सुटलेल्या मुलाने इथेही जपानी मंजूर केले असेल तर सेव्ह पुसून नवा खेळ सुरू करणे हाच एक मार्ग उरतो. पहिल्या अर्ध्या तासात लक्षात आले तर दुःख थोडे होते, वीस तास खेळल्यावर लक्षात आले तर फार. दुसरा वापरकर्ता बनवून त्याच्या खात्यावर इंग्रजीत नवा खेळ सुरू करता येतो, कारण सेव्ह प्रत्येक वापरकर्त्याचा वेगळा असतो. त्याने जुना जपानी सेव्ह तरी जपला जातो. यंत्राच्या भाषेची चूक दोन मिनिटांत दुरुस्त होते आणि गेमच्या भाषेची चूक होतच नाही, हा फरक माहीत नसल्यामुळे मुलांचे बरेच तास वाया जातात. घरात मोठ्या कुणीतरी यंत्राच्या पहिल्या पडद्याइतकेच गेमच्या पहिल्या पडद्यावरही मुलाच्या शेजारी बसावे, असे मला मनापासून वाटते.

आजवर सांगितले ते स्विच आणि स्विच लाइटला लागू आहे, कारण त्या यंत्रात जगभरासाठीची सगळी भाषासामग्री एकत्रच भरलेली आहे. जपानमध्ये विकलेला आणि अमेरिकेत विकलेला कन्सोल आतून एकच. नेहमी असे नव्हते. १९८९च्या गेम बॉयला भाषा नव्हतीच, कारण त्याला स्वतःचा मेन्यूच नव्हता. कार्ट्रिज घातली की गेम सुरू, आणि भाषा जी काय असेल ती कार्ट्रिजची. २००४च्या निन्टेन्डो डीएसने पहिल्यांदा स्वतःच्या सेटिंग्ज आणल्या आणि पहिल्या सुरुवातीला भाषा विचारायला लागला. जपानी डीएसवरही इंग्रजीसह सहा भाषा होत्या. पुढे २०११मध्ये थ्रीडीएस आला तेव्हा कंपनीने दार बंद केले. यंत्र प्रदेशानुसार वेगळे केले, गेमही त्या त्या प्रदेशाचेच चालू लागले. जपानी थ्रीडीएसमध्ये फक्त जपानी भाषा आहे. जुन्या बाजारातून असा थ्रीडीएस कुणी आणला आणि सेटिंग्ज कितीही धुंडाळल्या तरी त्यात इंग्रजी सापडणार नाही, कारण त्यात ती भरलेलीच नाही. तिथे पहिल्या पडद्यावर कुणाचे काही निसटलेले नसते आणि पुसूनही उपयोग होत नाही.

हेच दार ५ जून २०२५ रोजी, स्विच २ बाजारात आला तेव्हा, अर्धे पुन्हा बंद झाले. जपानमध्ये या कन्सोलच्या दोन आवृत्त्या आल्या. तेव्हा साध्या दुकानांतून विकली जाणारी आवृत्ती ४९,९८० येनची होती आणि निन्टेन्डोच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानातली बहुभाषी आवृत्ती ६९,९८० येनची. वीस हजार येनचा हा फरक कशाचा होता? स्वस्त आवृत्तीत यंत्राची भाषा फक्त जपानी आहे, आणि ज्या खात्यात देश जपान लिहिला आहे तेच खाते तिला जोडता येते. कंपनीने जपानी ग्राहकांसाठी किंमत खाली ठेवली आणि ती स्वस्त यंत्रे परदेशात वाहून नेली जाऊ नयेत म्हणून भाषेचे कुंपण घातले. त्यात माझ्या मते कंपनीचे काही चुकले असे नाही. पण ठाण्या-पुण्यातल्या मुलासाठी जपानहून कन्सोल आणणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्याचे पैसे चुकीच्या जागी जातात. अशा यंत्रावर गेमने आपल्या आत इंग्रजीचा पर्याय दिला असेल तर तो गेम इंग्रजीत खेळता येतो. मेन्यू, सूचना, बिघाडाचे संदेश, दुकान हे सगळे मात्र जपानीतच राहते. वर सांगितलेली वाट इथे उपयोगी पडत नाही, कारण भाषा निवडायलाच दुसरी भाषा नाही.

बिघाड नेमका कोणता आहे हे ओळखायचे असेल तर भाषेच्या ओळीपर्यंत जाऊन पाहावे. तिथे ए दाबल्यावर English दिसले तर चूक पहिल्या पडद्यावरची होती आणि ती आत्ता दुरुस्त होईल. तिथे दुसरी भाषाच नसेल तर यंत्रच एकाच भाषेचे आहे. दोन्ही बाबतीत पुसण्याने काही साधत नाही. पहिल्या बाबतीत त्याची गरज नाही आणि दुसऱ्या बाबतीत पुसल्यावरही जपानीच समोर येईल.

ओसाकाचा मामा पुढच्या दिवाळीला स्विच २ आणायचे म्हणतो आहे. त्याच्यासारख्या सगळ्यांना एवढेच सांगणे: जपानी दुकानात किंमत पाहण्याआधी खोक्यावर 日本語・国内専用 असे छापले आहे का ते पाहा. म्हणजे जपानी भाषा आणि जपानी बाजारापुरते. ती अक्षरे असतील तर ते खोके भारतातल्या मुलासाठी घेऊ नका.